पुरस्कारातला ‘स’ आणि आविष्कारातला ‘ष’

मागच्या आठवड्यात नागपूरच्या महाल भागातल्या एका डीटीपीच्या दुकानात बसलो होतो. आमच्या वस्तीतल्या एका निवृत्त गुरुजींचा सत्कार होता आणि त्याच्या फ्लेक्सचं प्रूफ वाचायला मला बोलावलं होतं. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत होतं, ‘जीवनगौरव पुरष्कार सोहळा’. मी म्हटलं, बाळा, इथे स हवा. कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा विशीतला, हुशार. तो म्हणाला, “काका, आविष्कारात पोटफोड्या ष आहे न? बहिष्कारातही आहे. मंग पुरस्कारात काऊन नाही?”

मला हा प्रश्न फार आवडला. त्याने चूक आळसाने केली नव्हती, एका शब्दावरून दुसरा ताडून पाहिला होता. “असंच असतं” हे उत्तर अशा मुलाला देणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून तिथेच कागद घेतला आणि शब्द फोडून दाखवले.

पुरस्कार म्हणजे पुरः + कार. पुरः म्हणजे पुढे, समोर. एखाद्याला मानाने पुढे करणं तो पुरस्कार, म्हणूनच आपण ‘विचाराचा पुरस्कार केला’ असंही म्हणतो. आविष्कार म्हणजे आविः + कार, बहिष्कार म्हणजे बहिः + कार. तिन्हींत विसर्ग आहे आणि तिन्हींत पुढे क आहे. फरक आहे तो विसर्गाच्या मागच्या स्वरात. पुरः मध्ये विसर्गामागे अ आहे. आविः, बहिः मध्ये इ आहे. मागे इ किंवा उ असेल आणि पुढे क, ख, प, फ यांपैकी काही आलं, तर विसर्गाचा ष होतो: निष्काम, निष्फळ, निष्पाप, दुष्काळ, दुष्परिणाम, चतुष्कोण. ‘दुःख’सारखा एखादा शब्द वेगळा, त्यात विसर्ग तसाच राहतो. मागे अ असेल, तर ठरावीक शब्दांत स होतो, जसे नमस्कार, तिरस्कार, पुरस्कार. नाहीतर विसर्ग जागचा हलत नाही, जसे अंतःकरण, प्रातःकाळ, अधःपतन. या अ नंतर ष मात्र कधी येत नाही. पुरस्कारात ष नसण्याचं कारण एवढंच.

मुलाने लगेच विचारलं, “मंग निस्तेज? त्यात तर नि आहे.” बरोबर पकडलं! मागे इ असूनही तिथे स आहे, कारण पुढे क-प नाही, त आहे. त दातांना जीभ लावून म्हणतात आणि स त्याच जागेचा, म्हणून तो जवळचा होतो. पुढे च आला तर टाळूचा श येतो: निः + चल = निश्चल. म्हणजे निश्चल, निष्फळ आणि निस्तेज या तीन शब्दांत सुरुवातीचा ‘निः’ एकच आहे, पण पुढचं अक्षर बघून त्याने तीन रूपं घेतली. श, ष, स यांचं नातं एवढं उघडं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

आज आपण बोलताना ष आणि श यांत फरक करत नाही. त्यामुळे ष कुठे लिहायचा हे कानाला विचारून कळणार नाही. शब्द फोडावा आणि मग शब्दकोश उघडावा, मला दुसरा रस्ता माहीत नाही. दुकानातच मोबाइलवर मोल्सवर्थचा कोश उघडला. मूळ 1831चा, दुसरी आवृत्ती 1857ची, शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर ठेवला आहे. वर्णमालेत श, ष, स ओळीने येतात, त्यामुळे तिन्ही शक्यता जवळजवळच सापडतात. ‘पुरश्’ने सुरू होणारा पुरश्चरण आहे (तोच पुरः, पुढे च आला म्हणून श). ‘पुरष्कार’ला जागाच नाही. पुढे पुरस्कार आहे. मुलाने स्वतः बोट फिरवून पाहिलं, आणि त्यानंतर मला काही पटवावं लागलं नाही.

एक सांभाळायचं. मोल्सवर्थमधलं ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार जुन्या वळणाचे आहेत, ते आज उचलू नयेत. त्यासाठी मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांनंतरचा लेखनकोश हाताशी ठेवावा. शिवाय शब्द सापडला की लगेच कोश मिटू नये, अर्थही वाचावा. शकल आणि सकल दोन्ही सापडतात, पण एकाचा अर्थ तुकडा आणि दुसऱ्याचा सगळं. कोश आणि कोष ही तर दोन्ही रूपं संस्कृतातच आहेत. मराठीत शब्दांचा तो शब्दकोश आणि पैशांचा हिशेब ठेवणारा तो कोषाध्यक्ष, असं वळण पडलं आहे. त्यात उगाच ‘दुरुस्ती’ करू नये.

फ्लेक्सवर खाली आणखी एक ओळ होती, ‘पैस्याच्या मागे न लागता ज्ञानदान केले’. इथे मात्र कोश थेट मदत करत नाही. त्यात ‘पैसा’ मिळेल, ‘पैशाच्या’ बहुधा मिळणार नाही, कारण साध्या कोशात मूळ शब्द असतो, विभक्तीचं रूप नसतं. हे आपल्या घरचे शब्द, यांत ष येतच नाही. प्रश्न स आणि श एवढाच. शेवटी ‘सा’ असलेल्या पुल्लिंगी शब्दाला प्रत्यय लागताना ‘शा’ होतो: पैसा-पैशाचा, घसा-घशात, आरसा-आरशात, खिसा-खिशात, कोळसा-कोळशाची. महामंडळाच्या नियमांतही हे आहे. मध्ये पूर्वी ‘या’ होता, त्या य मुळे जीभ टाळूकडे गेली आणि स चा श झाला. त्यामुळे ‘पैश्याचा’ असा जास्तीचा य देण्याचीही गरज नाही, तो श मध्येच मुरला आहे. इ-ईच्या शेजारीही तेच होतं: वीस-विशी, पन्नास-पन्नाशी, म्हैस-म्हशी. पहिलीच्या मुलांना आपण ‘स सशाचा’ म्हणून शिकवतो, त्या ‘सशा’तसुद्धा हा श आहे.

आम्हा नागपूरकरांना इथे जास्त जपावं लागतं. दिवसभर हिंदी कानावर असते, आणि हिंदीने जिथे स ठेवला तिथे मराठीने अनेक शब्दांत श केला आहे. हिंदीत सीढ़ी, सिलाई, सेव. मराठीत शिडी, शिलाई, शेव. तर्री पोह्यावर पडते ती शेव, पण पाटीवर ‘सेव’ लिहिलेलं मी रोज बघतो. ‘झांसी राणी चौक’ही असाच. मराठीत तो झाशी राणी चौक. सीता, सेवा, सिंह यांतला स मात्र बरोबर आहे, कारण हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले आणि त्यांना हा बदल लागू होत नाही.

फ्लेक्स दुरुस्त होऊन लागला. काल त्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पाटीचा फोटो पाठवला, ‘निशुल्क नेत्रतपासणी’. खाली प्रश्न, “काका, यातही निः आहे न? मंग पुढे श आल्यावर काय होते?” मी लिहिलं: निः + शुल्क, विसर्ग ठेव, निःशुल्क. संस्कृतात निश्शुल्कही चालतो, मराठीत विसर्गाचीच सवय आहे. विसर्ग गाळून ‘निशुल्क’ मात्र लिहू नको, आणि एकदा कोशात बघून मला कळव.