टूरबिलॉनविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

सध्या फिरत असलेला संदेश: “टूरबिलॉन गुरुत्वाकर्षणाचा परिणाम नाहीसा करते, म्हणून असे घड्याळ सर्वांत अचूक चालते.”

हे खरे नाही. टूरबिलॉन म्हणजे यांत्रिक घड्याळाची लय राखणारे भाग सतत फिरवत ठेवणारा छोटा पिंजरा. घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे यांनी 1801 मध्ये याचे पेटंट घेतले ते खिशातल्या घड्याळासाठी, जे दिवसभर एकाच स्थितीत उभे राहत असे. बॅलन्स व्हीलची, म्हणजे मागेपुढे झुलत वेळेची लय राखणाऱ्या चाकाची, एक बाजू किंचित जड असली, की अशा उभ्या घड्याळाची चाल सतत एकाच दिशेने चुकत जाते. समजा, किल्ली वर असताना ते दिवसाला दहा सेकंद पुढे आणि खाली असताना तेवढेच मागे जाते; टूरबिलॉनचा पिंजरा बॅलन्ससह एस्केपमेंटला, म्हणजे चाकांना टप्प्याटप्प्याने पुढे सोडणाऱ्या यंत्रणेला, साधारणतः मिनिटाला एक फेरा देतो, त्यामुळे या चुका एकमेकींना भरून काढतात. दोष मात्र तसाच राहतो, आणि घड्याळ आडवे ठेवले तर या फिरण्याचा काहीच उपयोग होत नाही.

मनगट दिवसभर स्थिती बदलतच असते. त्यामुळे नीट समतोल साधलेले, वेगवेगळ्या स्थितींत तपासून लावलेले साधे यांत्रिक घड्याळही तितकेच अचूक चालू शकते, आणि बॅटरीवरचे क्वार्ट्झ घड्याळ तर दोन्हींहून सरस ठरते. टूरबिलॉन घ्यावे ते त्यातील कारागिरीसाठी. कृपया हा संदेश पुढे पाठवू नये.