संध्याकाळच्या बॅचला वाय-फायपासून दूर कसं ठेवावं

सोलापुरात क्लास काढलाच आहे, सात रस्त्याजवळ पहिला मजला भाड्याने घेतलाच आहे, तर एक राउटर आणा. एकच. खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा छापलेला. "किती पोरं चालतील?" असं दुकानदाराला विचारा. तो "साठ-सत्तर आरामात" म्हणेल. त्यानंतर पुन्हा कधी मोजायच्या भानगडीत पडू नका.

बॅचा तीन ठेवा. सकाळी सातला ४५ पोरं, अकराला ४५, संध्याकाळी पाचला ४५. एका वेळी पंचेचाळीसच तर बसतात, मग चिंता कसली? राउटर असा हिशेब करत नाही, पण ते त्याचं त्याच्याजवळ. तो आत आलेल्या प्रत्येक फोनला एक आयपी पत्ता देतो, आणि तुमच्यासारख्या राउटरमध्ये कंपनीने ठेवलेले पत्ते बऱ्याचदा शंभरच असतात: 192.168.0.100 ते 192.168.0.199. दिलेला पत्ता किती वेळ राखून ठेवायचा, ती मुदत म्हणजे लीज. ती २४ तासच राहू द्या. पोरगं जिना उतरून घरी जेवायला बसलं तरी त्याचा फोन पत्ता परत करून जात नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याच्याच नावावर. आणि मुदत संपायच्या सुमारास पोरगं पुन्हा हजर असतंच.

सकाळचे ४५, अकराचे ४५. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हजेरीचं मशीन, प्रिंटर, टीव्ही, ऑफिसचे दोन संगणक आणि तुमचे दोन फोन, असे ८. झाले ९८. पाचच्या बॅचला उरले दोन. पहिल्या बाकावरची दोघं नेट वापरतील, बाकी ४३ जणांच्या फोनवर "आयपी पत्ता मिळवत आहे" एवढंच फिरत राहील. "पासवर्ड बदलला का बे?" अशी कुजबुज सुरू झाली की लगेच प्लॅन वाढवा. १०० एमबीपीएसचा ३०० करा. पत्ते तेवढेच राहतील, पण बिल भरल्याचं समाधान मोठं असतं.

तरी जमलं नाही तर राउटर बंद करून चालू करा. बरेच राउटर तेवढ्यात जुनी वाटणी विसरतात आणि पाचची बॅच धडाधड आत येते. याला दुरुस्ती समजा आणि रोज पावणेपाचला करत चला. मुदत १२० मिनिटांवर आणली असती तर अकराच्या बॅचचे पत्ते पाचच्या आत आपोआप मोकळे झाले असते. पण त्यासाठी राउटरच्या पानावर डीएचसीपी नावाचा भाग उघडून एक आकडा बदलावा लागतो. एवढा वेळ कुणाला आहे?

समजा कुणा आगाऊ पोराने तो आकडा बदललाच. घाबरू नका, दुसरी अडचण तयार आहे. पंचेचाळीस जण आत आले, सरांनी सराव परीक्षेची लिंक टाकली, सगळ्यांनी एकदम दाबली. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, हा वाय-फायचा साधा नियम. त्यातून मागच्या भिंतीपलीकडच्या खोलीत बसलेल्यांकडे सिग्नल क्षीण. पुढच्या बाकावरचा फोन ७२ एमबीपीएसने बोलत असेल आणि मागचा ६.५ ने, तर तेवढीच माहिती न्यायला मागच्याला अकरापट वेळ लागतो. पाणी आलेल्या दिवशी गल्लीच्या नळावर एकाचीच घागर बारीक धारेने भरत राहावी आणि मागची रांग ताटकळावी, तसं. यादीत ४५ नावं दिसतात, म्हणजे ४५ जणांचं काम चाललंय, असा समज मात्र सोडू नका. जोडलेले किती, हे यादी सांगते. हवेतला वेळ कोण खातंय, ते ती सांगत नाही.

एक चाचणी मात्र कटाक्षाने टाळा. परीक्षा अडकली असताना लॅपटॉप राउटरला वायरने जोडायचा आणि वेग पाहायचा. वायरवर नेट सुसाट आणि वाय-फायवर रखडलेलं निघालं, तर दोष प्लॅनचा नसून हवेतल्या गर्दीचा, हे दोन मिनिटांत उघड होईल. मग कंपनीच्या माणसाला फोन करून ओरडायचं कसं?

उपाय म्हणून रिपीटर आणा. साधा रिपीटर तोच मजकूर त्याच चॅनेलवर पुन्हा एकदा बोलतो, त्यामुळे गर्दी वाढते. पण हिरवा दिवा छान दिसतो. मागच्या खोलीपर्यंत वायर ओढून तिथे दुसरा अॅक्सेस पॉइंट लावणं, २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनेल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ देणं, जमतील ते फोन ५ गिगाहर्ट्झवर नेणं, टीव्ही आणि रेकॉर्डर वायरवर टाकणं, ही कामं भिंतीला भोकं पाडल्याशिवाय होत नाहीत. घरमालक काय म्हणतील? त्यापेक्षा फळ्यावर लिहा: "पाचच्या बॅचने स्वतःचा डेटा आणावा." फी तीच ठेवा.