सुई आपण टाकतो, टोचते मावशींना

दोन वर्षांपूर्वीची नाइट. पहाटे अडीचच्या सुमारास वॉर्डातल्या मावशी कचऱ्याची पिवळी पिशवी बांधत होत्या. एकदम हात झटकला आणि म्हणाल्या, "सिस्टर, काहीतरी टोचलं बगा." पातळ हातमोजा फाटला होता आणि तळव्यावर रक्ताचा थेंब आला होता. पिशवीतल्या रक्ताने भिजलेल्या कापसात व्हेनफ्लॉनची, म्हणजे सलाइन लावताना शिरेत घालतात ती सुई होती.

ही सुई वापरलेल्या सुया कापायच्या कटरमध्ये बसत नाही, म्हणून ट्रेमध्येच राहते आणि मग ट्रे झाडताना कापसाबरोबर पिशवीत जाते. ती आतून पोकळ असते, थेट शिरेतून आलेली असते आणि तिच्यात रक्त असतं. इंजेक्शनच्या सुईपेक्षा तिचा धोका जास्त. सलाइन लावणाऱ्यानेच ती तिथल्या तिथे, टोपण न लावता, पांढऱ्या न भेदणाऱ्या डब्यात टाकायची असते. त्यासाठी डबा खाटेपर्यंत न्यावा लागतो आणि पाऊण भरला की बदलावा लागतो. आमचा डबा ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात होता. सुई टाकणारी व्यक्ती आमच्यातलीच कुणीतरी होती, हे मी आजही स्वतःला सांगते.

मावशी तळवा दाबून रक्त काढायला लागल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला. दाबायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीचही लावायचं नाही. नळाखाली साबणाने नीट धुवायचं, बस. मग आम्ही कॅज्युअल्टीत गेलो. एचआयव्हीविरोधी गोळ्या कपाटात होत्या, पण चावी सापडायला वेळ गेला. सव्वातीनला पहिली गोळी त्यांच्या पोटात गेली. ती शक्यतो दोन तासांत घ्यायची, 72 तासांनंतर सुरू करून उपयोग नाही. रोज एक, 28 दिवस. सुई कुणाची हे कळलं असतं, तर त्या पेशंटचं रक्त तपासून, निगेटिव्ह आलं तर गोळ्या थांबवता आल्या असत्या. पण पिशवीत अख्ख्या वॉर्डाचा कचरा होता. आणि सुईच तपासायला पाठवायची नसते, त्यातून काही भरवशाचं कळत नाही.

मावशींनी एकच विचारलं, "घरी कळलं तर?" गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल त्यांनी नखाने खरवडून काढलं. मळमळ सोसत त्यांनी महिना काढला.

पण मला त्या रात्री जास्त भीती एचआयव्हीची नव्हती. पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह असला तरी अशा टोचण्यातून लागण होते 1000 पैकी साधारण तिघांना. हिपॅटायटिस सी या काविळीची 100 पैकी दोघांहून कमी जणांना. त्यावर लस नाही, पण लवकर सापडला तर गोळ्यांनी बरा होतो. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी ही कावीळ मात्र 100 पैकी 6 ते 30 जणांना होऊ शकते. आणि मावशींनी लस घेतलीच नव्हती. नऊ वर्षं त्या हेच काम करत होत्या, पण ठेकेदाराकडे.

मलाही त्याआधी एकदा सुई टोचली होती. नोकरीला लागताना माझे तीन डोस झाले होते, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. नंतर दोन महिन्यांनी टायटर केला, म्हणजे लसीने रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली ते मोजलं, तो 10 च्या वर होता, म्हणजे पुरेसा. त्यामुळे हिपॅटायटिस बीसाठी मला काहीच करावं लागलं नाही. मावशींना दुसऱ्या दिवशी, 24 तास भरायच्या आत, एका दंडात लसीचा पहिला डोस आणि दुसरीकडे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागलं. वजन 50 किलो, म्हणजे 3 मिली. तेच शहरातून मागवावं लागलं, काही हजारांचं, आणि पैसे कोण भरणार यावर सकाळपासून दुपारपर्यंत वाद चालला. तीन डोस आधीच दिले असते तर त्याच्या कितीतरी कमी खर्चात काम झालं असतं.

2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत स्पष्ट लिहिलंय की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. जबाबदारी रुग्णालयाची. त्यात कायम आणि ठेक्यावरचा असा भेद नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की लसीचा पहिला डोस झाल्याशिवाय नव्या माणसाच्या हातात पिशवी देऊ नका, आणि लसीची नोंद ठेकेदाराकडे नको, रुग्णालयाकडे ठेवा. ठेका बदलला की ठेकेदाराची वही जाते. आणि टायटर कराच, कारण तीन डोस घेऊनही काही जणांत प्रतिपिंडं तयार होत नाहीत. त्यांना पुन्हा डोस द्यावे लागतात, आणि टायटर केल्याशिवाय ते कोण हे कळतच नाही.

मावशींच्या रक्ताच्या तपासण्या दीड महिना, तीन महिने, सहा महिन्यांनी झाल्या, सगळ्या निगेटिव्ह. आठव्या महिन्यात टायटरही 10 च्या वर आला. कागद पदरात बांधून त्या माझ्याकडे दाखवायला आल्या होत्या.

गेल्या आठवड्यात ठेका बदलला. नव्या मावशींना विचारलं, "काविळीची लस घेतलीत का?" त्या म्हणाल्या, "कसली लस, सिस्टर?" त्यांच्या हातात तेव्हा पिवळी पिशवी होती.