अ.पा.क. आई

ओंकारचं बचत खातं तो बालवाडीत असताना उघडलं. त्या दिवशी मला रजा मिळाली नाही, म्हणून 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ती आई या नात्याने हिने सही केली. तेवढ्यावरून पुढची चौदा वर्षं त्या खात्यात माझी पत गल्लीतल्या कुठल्याही माणसाइतकीच राहिली. पैसे भरायला मला कोणाची मनाई नव्हती, पण काढायचे तर हिचीच सही. "पण वडील हयात असताना आई कशी चालते?" असं माझ्या काकांनी विचारलं होतं. चालते. रिझर्व्ह बँकेने १९७६ सालीच बँकांना तशी मुभा दिली आहे. काका ते ऐकून आठवडाभर अस्वस्थ होते.

मग सई अकरा वर्षांची झाली आणि आजीने ओवाळणीत दिलेल्या नोटा तिला 'स्वतःच्या' खात्यात हव्या झाल्या. दहा पूर्ण झालेल्या मुलाला पालकाशिवाय खातं उघडता येतं आणि स्वतः चालवताही येतं. एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने हे पुन्हा स्पष्ट केलंय. मात्र किती रकमेपर्यंत, कार्ड द्यायचं का, चेकबुक द्यायचं का, हे ज्या त्या बँकेने ठरवायचं. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी: खातं कधी उणे होता कामा नये. अज्ञान मुलाशी केलेला करार कायद्याने टिकत नाही, त्यामुळे त्याच्याकडून वसुली कशी करणार? काउंटरवरच्या मॅडमनी हे सईला नीट समजावलं. "म्हणजे मी तुमचे पैसे बुडवले तरी चालतील?" असं तिने विचारलं, तेव्हा मी भिंतीवरचे व्याजदर वाचायला घेतले.

खरा घोळ झाला सहीचा. सईची सही म्हणजे मधोमध एक बदाम, त्याच्या पोटात 'सई' आणि खाली शेपटीसारखी रेघ. मॅडमनी नमुना कार्डावर तीन सह्या मागितल्या. पहिला बदाम बारीक आला, दुसरा पोटाला सुटला आणि तिसऱ्यात अक्षरं मावेनात म्हणून दीर्घ ई बाहेर पडली. "बाळ, पैसे काढायच्या स्लिपवर हीच सही जुळायला हवी," असं म्हणत मॅडमनी नवं कार्ड काढलं. शेवटी बदाम गेला, शेपटी राहिली. रांगेतल्या आजोबांनी मध्येच तिला सहीचा सराव करायला स्वतःच्या वीजबिलाची मागची बाजू दिली.

हे चालू असतानाच ओंकार अठराचा झाला. बँकेने आधीच दोनदा मेसेज पाठवले होते, पण खात्याला नंबर हिचा. 'आपले खाते लवकरच' एवढं दिसलं की ही फसवणूक समजून मेसेज उडवते. वाढदिवसानंतर ही हॉस्टेलच्या फीचे पैसे काढायला गेली तर स्लिप परत! मुलगा सज्ञान झाला की पालकाचा अधिकार संपतो. पैसे जागेवर होते, व्याजही लागत होतं, पण आमच्या शाखेत नवी कागदपत्रं होईपर्यंत काढणं बंद.

मग ओंकारला पुण्याहून बोलावलं. त्याने नव्याने केवायसी करायची, स्वतःच्या सहीचा नमुना द्यायचा, मोबाइल नंबर बदलून घ्यायचा, आणि आजवर खातं चालवणाऱ्या पालकाने शिल्लक बरोबर असल्याचं लिहून द्यायचं. त्याचं पॅन कार्ड लहानपणी काढलेलं. अज्ञान मुलाच्या पॅनवर ना फोटो असतो ना सही, त्यामुळे तेही आधी दुरुस्त करून घ्यावं लागलं. आधारवर मात्र पंधराव्या वर्षीच ठसे आणि फोटो नव्याने दिले होते, नाहीतर बालवाडीतला गोबरा चेहरा घेऊन तो मिशीसकट उभा राहिला असता.

हिने शिल्लक मान्य करून सही केली आणि सवयीने म्हणाली, "मॅडम, फी गेल्यावर किती उरतात तेवढं सांगा."

"ते आता खातेदारालाच सांगता येईल," मॅडम म्हणाल्या. खातेदार फोनमध्ये बघत होता.

राहता राहिला नॉमिनीचा रकाना. आईचं नाव की बाबांचं, यावर आम्ही दोघं अदबीने गप्प बसलो. ओंकारने सईचं नाव लिहिलं. तिने म्हणे त्याला उसने दिले आहेत. पण नामनिर्देशित व्यक्ती अज्ञान असेल तर तिच्या वतीने रक्कम कोण घेईल त्या सज्ञान माणसाचं नावही द्यावं लागतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे.

"बाबांचं लिही," ही म्हणाली. "मला परत शिल्लक जुळवत बसायची नाही."