फक्त दहा टक्के, फ्लॅट!

गाडीच्या शोरूममधला मुलगा कर्जाचं व्याज ‘फक्त दहा टक्के’ म्हणाला की लगेच सही करा. ‘फ्लॅट’ हा शब्द तो जरा हळू उच्चारतो, तिकडे कान देऊ नका. दसऱ्याचा मुहूर्त टळायचा उगाच.

समजा, ८०,००० रुपयांचं कर्ज, मुदत तीन वर्षं. फ्लॅटचा हिशेब चौथीतल्या पोरालाही जमेल: वर्षाला ८,००० व्याज, तीन वर्षांचं २४,०००. मुद्दलासकट १,०४,००० झाले, भागिले ३६, हप्ता २,८८९. आता मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, शेवटच्या महिन्यात तर एका हप्त्याइतकंही उरत नाही. व्याज मात्र तेव्हाही पूर्ण ८०,००० वरच चालू. फेडलेल्या पैशांवरही व्याज देण्याचा हा दिलदारपणा सोडू नका.

घटत्या शिल्लकीवर, म्हणजे रिड्युसिंग पद्धतीने, खरेच दहा टक्के असते तर हप्ता २,५८१ च्या आसपास आला असता आणि एकूण व्याज १३,००० हून थोडं कमी. उलट तुमचा २,८८९ चा हप्ता रिड्युसिंगच्या फुटपट्टीने मोजला तर दर निघतो जवळपास १८ टक्के. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जाला खर्चासकटचा वार्षिक दर लिहिलेलं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं. ते मागू नका, मुलाला वाईट वाटेल.

करार हायर पर्चेसचा असेल तर शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कागदावर मालक कर्ज देणारी कंपनी आणि तुम्ही पेट्रोल घालणारे भाडेकरू. हल्ली बहुधा हायपोथिकेशन असतं. मालक तुम्ही, पण आरसीवर कंपनीचा बोजा. हार मात्र दोन्हीकडे तुम्हीच आणायचा.

वर्षभर हप्ते भरून झाले की एखादा चुकवून बघा. खात्यात पैसे नसले की बाउन्सचा दंड बँक घेते, वेगळा कंपनीही घेते. उशिराचा आकार आणखी निराळा. त्या आकारावर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, पण स्टेटमेंट कोण तपासतं? सिबिलची काळजी पुढच्या कर्जाच्या वेळी करू.

तीन हप्ते थकले आणि चौकात दोघांनी गाडी अडवली, तर चावी हसत द्या. ओळखपत्र, कंपनीचं अधिकारपत्र, करारात ठरलेली आगाऊ नोटीस असलं काही विचारून त्यांचा वेळ घेऊ नका. जबरदस्ती करता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, चौकात कोर्ट कुठे असतं?

‘गाडी नेली, सुटलो’ म्हणून निवांत झोपा. वर्षभर हप्ते भरूनही ५८,००० च्या आसपास मुद्दल बाकीच आहे. लिलावात ४०,००० आले, तर उरलेले १८,००० आणि वरचे दंड तुमच्याच नावावर. फोन बंद ठेवलात तरी हरकत नाही. जामीनदार म्हणून सही केलेल्या मेव्हण्याचा नंबर त्यांच्याकडे आहेच.