टामे

काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मी नोटीस टाकली : "सर्वसादारम सबा, टामे." चार मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मेसेज, "सेक्रेटरी, शाळेत मराठी होतं ना?" त्याखाली सत्तावीस हसरे चेहरे. मी मोजले.

हा घोळ काकांचाच, पण ते ग्रुपवर कसं सांगणार? आठ वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवर स्कूटरवरून पडलो, खांद्यातल्या नसा गेल्या, तेव्हापासून उजवा हात नुसता सोबतीला असतो. टायपिंग डाव्याने. माऊसऐवजी मोठा ट्रॅकबॉल, म्हणजे एक बसकी बैठक आणि तिच्यात पंचावन्न मिलिमीटरचा गोळा. बैठक जागची हलत नाही, गोळा नुसता तळव्याने फिरवायचा.

काका संध्याकाळी सातला मसुदा बघायला आले. हातात बाकरवडी. त्यांची नजर गोळ्यावर गेली.

"हा काय, शाळिग्राम?"

"माऊस आहे, काका."

"माऊसला शेपूट असतं." एवढं बोलून त्यांनी गोळा सरळ उचलला. तो निघतो, साफसफाईसाठी निघायलाच हवा, पण तशी सूट मी काकांना दिली नव्हती. त्यांनी तो दिव्यासमोर धरला, कानाशी हलवला, वजनाचा अंदाज घेतला. "भरीव आहे रे! आमच्या लहानपणी असले गोटे पैशाला चार मिळायचे." कुठे मिळायचे, हे विचारायचा मोह मी आवरला, नाहीतर नौपाड्याचा सगळा इतिहास सुरू झाला असता. तेवढ्यात गोटा निसटला आणि सोफ्याखाली गेला.

तो काढायला काका वाकले आणि आधारासाठी डावा तळवा ठेवला माझ्या कीबोर्डवर. सगळा भार देऊन. शिफ्ट आणि शेजारची कळ, दोन्ही एकदम दबल्या.

एका हाताने शिफ्ट धरून पलीकडची कळ गाठणं अवघड, म्हणून मी स्टिकी कीज चालू ठेवतो. शिफ्ट दाबून सोडायचं, ते पुढच्या कळीची वाट बघत थांबतं. पण त्या सेटिंगमध्ये एक सोय आहे : शिफ्ट आणि दुसरी कळ एकदम दाबली, की संगणक समजतो, दोन्ही हातांचा माणूस आला, आता स्टिकी कीजची गरज नाही. आणि तो ती गुपचूप बंद करतो. म्हणजे काकांचा तळवा पडला आणि मी संगणकाच्या लेखी धडधाकट झालो. डॉक्टरांना आठ वर्षांत जमलं नाही ते.

बंद झालं की खूण म्हणजे शिफ्टचा टिक आवाज येत नाही. पण आवाज मीच बंद ठेवला होता, बायकोला त्या टिकटिकीने वैताग येतो.

मराठी मी इन्स्क्रिप्टमध्ये लिहितो. त्यात काना-मात्रा डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. दोन हातवाल्यांना ही जुगलबंदी झकास जमते. माझा डावा हात मात्र प्रत्येक अक्षराला कल्याण-ठाणे अप-डाउन करतो, आणि मी सगळा वेळ कळांकडे बघत असतो, पडद्याकडे नाही. शिफ्टशिवाय ट, शिफ्टसह ठ. तसंच म आणि ण, द आणि ध, ब आणि भ. स्टिकी बंद म्हणजे शिफ्टवरची सगळी अक्षरं खाली बसणार. ठाणे लिहायला दोन शिफ्ट लागतात. दोन्ही गेले की उरतं टामे.

"टाक रे लवकर, माझी मालिका सुरू होते," काका मागे उभे. मी टाकलं. ते गेले.

गोळा परत बसवला तर कर्सर उजवीकडे जाताना अडखळायला लागला. आतल्या ज्या तीन छोट्या टेकूंवर गोळा फिरतो, त्यांतल्या एकावर बाकरवडीचं तेल आणि सोफ्याखालची आठवड्याची धूळ. ते कापसाने पुसलं, स्टिकी कीज पुन्हा लावली, आणि तो "दोन कळा एकदम दाबल्यास बंद करा" पर्याय कायमचा काढून टाकला. पहिल्या दिवशीच काढायला हवा होता. पण पर्याय बनवणाऱ्यांनाही विचारायला हवं ना, की असल्या माणसाच्या घरात दुसऱ्या कुणाचा हात कीबोर्डवर पडतच नाही का?

नोटीस नव्याने टाकली. काकांनी अंगठा दिला आणि खाली लिहिलं, "शाबास, सुधारणा आहे."

आज सकाळी दार वाजलं. काका, सोबत नातू. "अरे, तो शाळिग्राम दाखव ना याला. फक्त हात लावू दे."