तेच कार्ड रोज का चिकटवायचं?

गणिताच्या तासाला चॅटबॉटला काही विचारण्याआधी मुलं त्यात सूचनांचं एक छोटं कार्ड चिकटवतात. त्यावर आक्षेप येतो तो असा:

"एआयला आता सगळं लक्षात राहतं. दर तासाला तेच कार्ड चिकटवायला लावणं म्हणजे नुसती घोकंपट्टी. आणि मुलाने 'उत्तर दे' म्हटलं की कार्ड गेलं उडत!"

लक्षात राहतं, पण कोणाचं? आमच्या संगणक कक्षात एका संगणकावर दिवसभरात पाच-सहा मुलं बसतात, खातं एकच. तिथे साठलेली आठवण कोणा एकाची नसते. घरी स्वतःचं खातं असलं तरी चॅटबॉट काही निवडक गोष्टीच जपून ठेवतो, आणि वर्गात काल सर कुठे थांबले हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

घोकंपट्टी तेव्हा झाली असती, जेव्हा कार्ड खरंच तेच राहिलं असतं. दहावीच्या वर्गसमीकरणांच्या पहिल्या आठवड्यातलं कार्ड हे:

```
दहावी, बीजगणित, वर्गसमीकरणे.
झालंय: अवयव पद्धत. सूत्र अजून शिकवलेलं नाही, वापरू नको.
एका वेळी एकच प्रश्न विचार. उत्तर लिहून देऊ नको.
मी कुठे अडलोय:
```

पहिल्या तीन ओळी माझ्या. शेवटची ओळ मुलाने स्वतःच्या शब्दांत भरायची, आणि सगळं काम तिथेच होतं. एका मुलीने आधी लिहिलं, "गणित येत नाही." मी कार्ड परत दिलं. मग तिने लिहिलं, "x² = 5x मध्ये दोन्हीकडे x ने भागलं, x = 5 आलं, पुस्तकात दोन उत्तरं आहेत." एवढं लिहिता आलं म्हणजे अर्धी चूक तिलाच दिसली होती. चॅटबॉटने विचारलं, "ज्या संख्येने भागलंस ती शून्य असली तर?" ती थांबली, सगळं एका बाजूला घेतलं, x(x − 5) = 0 मांडलं आणि सुटलेलं x = 0 तिला सापडलं. आदल्या दिवशी हेच गणित एका मुलाने कार्डाशिवाय टाकलं होतं. त्याला सूत्रासकट पूर्ण उत्तर मिळालं. त्याने ते वहीत उतरवलं, पण b² − 4ac कुठून आलं ते त्याला सांगता येईना.

तिसरा आक्षेप मात्र बऱ्याच अंशी खरा आहे. कार्ड म्हणजे कुलूप नव्हे. मूल हट्टाला पेटलं तर चॅटबॉट पुष्कळदा उत्तर देऊन टाकतो, आणि संभाषण लांबलं की सुरुवातीच्या सूचनांचा धाक कमी होतो. प्रश्नांऐवजी लांबलचक स्पष्टीकरणं यायला लागली की ओळखायचं, पकड सुटली. तेव्हा मी मुलांना नवं संभाषण उघडून कार्ड पुन्हा टाकायला सांगतो, शेवटची ओळ मात्र नव्याने लिहून. तास संपताना दोन-तीन मुलांची संभाषणं मी वाचतो, कुठे उत्तर मागितलं गेलं ते लगेच दिसतं. कार्डावर नाव किंवा हजेरी क्रमांक लिहायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय.